हळद लावून पाठविलेला आजार

आमच्या कुळात वाईट बातमी कळविण्याचे काम माझ्याकडे होते. ते मी मागून घेतले नव्हते. ते माझ्याकडे आपोआप चालत आले. मी तिरुवल्लिकेणीतल्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि आप्तांचा समज असा होता की ज्याला धातुरूपे पाठ आहेत त्याला दुःखही व्यवस्थित चालविता येत असावे. कोणाच्या घरी दुखणे आले, कोणाची नोकरी गेली, की तो गृहस्थ संध्याकाळी देवळाच्या तळ्याला वळसा घालून माझ्या दारी येई, चपला काढी आणि म्हणे, "जरा तुमच्या भाषेत लिहून द्या." माझी भाषा म्हणजे काय, हे मला तेव्हा स्तुतीसारखे ऐकू येत असे.

आम्ही तंजावरकडची मराठी माणसे. आमची घरगुती मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळ भाताबरोबर शिजलेली. तिच्यात अर्धे शब्द रसमाचे आणि अर्धे वरणाचे. मी मात्र पोथ्यांतून वेगळी मराठी कमावली होती, समासयुक्त, सोवळ्यातली. ती कोणी बोलत नसे, म्हणून सर्वांना ती आदरणीय वाटे.

ही गोष्ट एकोणीसशे सत्तरनंतरच्या काही वर्षांतली. शहराचे नाव तेव्हा मद्रास होते आणि बातमी जाण्याचे मार्ग मोजके होते. त्यातले निळे अंतर्देशीय पत्र हे माझे खास क्षेत्र. त्याची रचना मी ठरवून टाकली होती. वर श्री, मग वडीलधाऱ्यांना साष्टांग नमस्कार, मग सर्वांच्या क्षेमकुशलाची पृच्छा. दुसऱ्या बाजूस समुद्रावरचा वारा, देवळातला उत्सव, रथ कोणत्या गल्लीपर्यंत आला याचे वर्णन. शेवटी जिथे डिंक लावतात त्या पट्टीच्या जवळ खरी बातमी, तीही कर्मणी प्रयोगात. दुःखाला कर्ता ठेवावयाचा नाही, हा माझा नियम होता. त्यानंतर लगेच "काळजी नसावी" आणि सही. वाचणाऱ्याच्या मनाला धक्का बसू नये, हा हेतू. तो मी इतका साध्य केला की पुष्कळदा वाचणाऱ्याला बातमीच कळत नसे.

उदाहरण घरातलेच आहे. माझ्या धाकट्या चुलतभावाच्या कारखान्याला टाळे लागले. तो कारकून होता; एका सोमवारी गेला तर फाटकावर कागद डकवलेला. त्याच्या सासऱ्यांना कुंभकोणमला कळविणे भाग होते, कारण भावाच्या बायकोला मुलांसह दोन महिने माहेरी जाऊन राहायचे होते. मी लिहिले की जामात नित्याच्या कार्यभारातून मुक्त झाले असून सांप्रत गृही स्वस्थचित्ताने नूतन संधींचे अवलोकन करीत आहेत. पंधरा दिवसांत सासऱ्यांचे उत्तर आले. जावयांना इतक्या लहान वयात बिनकामाची मोठी जागा मिळाली याबद्दल त्यांनी देवाला अभिषेक केला होता, आणि पत्रापाठोपाठ आपला एक पुतण्या, चाळिशीतला, प्रशस्तिपत्रांची पेटी घेऊन पाठविला होता. त्याला जावयांनी आपल्याच कारखान्यात लावून घ्यावे.

भावाची बायको त्या पाहुण्याला कॉफी देऊन माझ्याकडे आली.

"भावोजी, यांना तुमच्या पत्रातून बढती मिळाली. आता पगारही तुमच्या पत्रातूनच येऊ दे."

"त्यांनी नीट वाचलं नाही," मी म्हणालो.

"त्यांनी चारदा वाचलं म्हणे. शेजाऱ्यांनाही वाचून दाखवलं."

मी यावरून असा निष्कर्ष काढला की कुंभकोणमच्या लोकांचे वाचन कच्चे आहे. माझ्या शैलीतली मी एक मात्रादेखील बदलली नाही.

त्याच वर्षी माझ्या पत्नीच्या पोटात दुखू लागले. तिने ते तीन महिने कोणाला सांगितले नाही. घरात मौन पाळण्याची परंपरा केवळ माझीच नव्हती. शेवटी एका शुक्रवारी सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की पोटात गाठ आहे, ती काढावी लागेल, आणि शस्त्रक्रिया या बुधवारी नव्हे, पुढच्या बुधवारी. गाठ साधी वाटते, पण काढून तपासल्याशिवाय खात्री देता येणार नाही. हे सर्व त्यांनी चार वाक्यांत सांगितले. मला त्या बाई फार रूक्ष वाटल्या.

घरी येताना बसमध्ये पत्नी एवढेच म्हणाली, "मला आत नेतील तेव्हा आक्का बाहेर हवी."

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. आम्हांस अपत्य नाही. पत्नीचे रक्ताचे म्हणावे असे माणूस म्हणजे ही विधवा बहीण आणि तिच्याजवळ तंजावरला राहणारी त्यांची आई. पत्नीने माझ्याकडे लग्नानंतर काही मागितल्याचे मला आठवत नाही. हे एक मागितले, आणि ते आणून देण्याचे साधन नेमके माझ्या हातात होते, म्हणजे लेखणी. मला त्या क्षणी चिंतेबरोबर थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करतो.

अडचण सासूबाईंची होती. त्या ऐंशीच्या घरातल्या, डोळ्यांनी जवळजवळ अंध आणि हृदयाने दुर्बल, असे आम्ही सर्वांनी मिळून ठरविले होते. त्यांच्या घरी आलेले प्रत्येक पत्र आक्का त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. त्यापूर्वी सासूबाई पत्र हातात घेत, बोटांनी चाचपीत आणि नाकाशी नेत. कारण आमच्याकडे शुभ पत्राच्या चारी कोपऱ्यांना हळद लावतात. हळदीचा वास आला की लग्न, मुंज, बारसे. वास नाही, म्हणजे साधे पत्र. आणि वर श्री नाही म्हणजे मृत्यूची वार्ता. ते पत्र वाचून फाडायचे आणि स्नान करायचे. अक्षर न पाहता त्या वृद्धेला बातमीचे गोत्र कळत असे.

तेव्हा आक्काला कळले पाहिजे आणि सासूबाईंना कळता कामा नये, असे पत्र हवे होते. मी शनिवारी पहाटे स्नानसंध्या आटोपून बसलो आणि तीन मसुदे केले. तिसरा पत्नीला वाचून दाखविला. महत्त्वाचे वाक्य असे होते: "विशेष लिहिण्याचे कारण की, गृही किंचित् उपाधी उत्पन्न झाल्याचे निदर्शनास आले असून तन्निवारणार्थ येत्या पंधरवड्यात अल्पस्वरूप उपाय योजिला जाणे संभवनीय आहे, तरी सवडीने दर्शनाचा लाभ व्हावा. काळजी नसावी."

पत्नी भिंतीला टेकून बसली होती. तिने डोळे मिटून ऐकले.

"यात आजारी कोण आहे?"

"ते सूचित आहे. सुज्ञ वाचकाला कळेल."

"आक्का सुज्ञ नाही हो, बहीण आहे. आणि बुधवार कुठे गेला?"

"वार लिहिला की आईंना संशय येईल."

"पोटात गाठ आहे, एवढं लिहा ना."

"असा उघडा शब्द पत्रात शोभत नाही."

"पोटात तरी कुठे शोभतोय," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

मी तो शिणवट्याचा उद्गार समजलो. उलट मला एक आणखी युक्ती सुचली, जिचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. पत्र बिनहळदीचे गेले तर सासूबाई कान टवकारून ऐकणार. म्हणून मी देवघरातून हळद घेतली, ओली केली आणि पत्राच्या चारी कोपऱ्यांना बोटाने लावली. वास आला की म्हातारीचे मन निर्धास्त होईल, आक्का ओळींतले मर्म वेचील. फसवणूक म्हणावी तर ती देवाच्याच हळदीने केलेली. पत्र मी स्वतः जाऊन पेटीत टाकले.

मंगळवारपासून मी टपालवाल्याची वाट पाहू लागलो. बुधवार गेला, गुरुवार गेला. पत्नीने आतल्या खोलीतली जास्तीची चटई उन्हात टाकली आणि उशीला धुतलेला अभ्रा घातला. शुक्रवारी मी टपालवाल्याला रस्त्यातच गाठले आणि खात्याच्या ढिलाईविषयी दोन शब्द सुनावले.

तो सायकलवरून न उतरता तमिळमध्ये म्हणाला, "वाद्यार, पत्र मी आणतो, लिहीत नाही. समोरच्यानं लिहिलं तर आणीन." वाद्यार म्हणजे गुरुजी. आदर त्या एका शब्दापुरताच होता.

शनिवारी तार करावी असे मनात आले आणि मीच दचकलो. तारेची आमच्या घराण्यात वेगळी परंपरा आहे. माणूस गेला तरी "गेला" असे तारेत कोणी कळवीत नाही. "प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा" असे कळवितात, म्हणजे येणाऱ्याचा प्रवास बरा व्हावा. हे सौजन्य इतकी वर्षे चालले की आता "गंभीर" म्हणजे मेला, हे सर्वांना ठाऊक. त्यामुळे जो खरोखर केवळ आजारी आहे त्याच्यासाठी तारेत शब्दच उरलेला नाही. तारवाल्याची हाक ऐकूनच सासूबाईंनी मुलीच्या नावाने स्नान केले असते. टेलिफोन तर तंजावरच्या त्या गल्लीत एकच, औषधाच्या दुकानात. ट्रंक कॉल लावून दोन तास बसायचे, आणि मग दुकानदार माणूस पाठवून आक्काला बोलावणार. ती येईपर्यंत अर्धी गल्ली उपस्थित. शिवाय त्या खरखरीत ओरडून काय सांगणार? "किंचित् उपाधी" हे शब्द ओरडता येत नाहीत.

असे सर्व मार्ग मी विचारपूर्वक बंद करीत असता रविवारी दुपारी पत्नी उठली आणि माझ्या मेजावरून एक साधे पोस्टकार्ड घेऊन गेली.

"कार्ड?" मी म्हणालो. "उघडं? वाटेत दहा जण वाचतील."

"तंजावरच्या टपालवाल्याला मराठी कधीपासून यायला लागलं?"

पंचवीस वर्षे मी गुप्ततेसाठी पत्रे डिंकाने बंद करीत होतो, आणि ज्या मुलखातून ती जात होती तिथे आमचे उघडे कार्डदेखील कोणाला वाचता येत नव्हते. ही गोष्ट माझ्यापासून कोणी लपविली होती असे नाही. मी ती विचारलीच नव्हती.

तिने पेन्सिलीने लिहिले. तिचे शिक्षण पाचवीपर्यंतचे. अक्षरे एकमेकांचा हात धरून चालल्यासारखी. मी खांद्यावरून वाचले. ते कार्ड पुढे माझ्याकडे आले आणि अजून आहे, म्हणून शब्दशः देतो.

"आक्का, माझ्या पोटात गाठ आहे. बुधवारी सकाळी ऑपरेशन, सरकारी इस्पितळात. डॉक्टरीण म्हणतात साधी वाटते, पण काढून तपासल्यावर कळेल. मी हिंडतेफिरते आहे, जेवते. भीती वाटते. तू मंगळवारपर्यंत ये. येता येत नसेल तर तसं लगेच कळव, राग नाही. आईपासून लपवू नको, दुपारी तिचं औषध झाल्यावर जवळ बसून सांग. गल्लीत सध्या सांगू नको. ऑपरेशन झालं की पुढचं कार्ड घालीन."

मी बराच वेळ त्या दहा ओळींत दोष शोधत होतो. काय झाले, केव्हा, काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, काय हवे, कोणाला कसे सांगायचे, कोणाला नाही, आणि पुढची खबर कधी: काही राहिले नव्हते. अलंकार म्हणावा तर एकही नाही. भीतीची कबुली फक्त दोन शब्दांत. तीन मसुद्यांत मला जे साधले नाही ते हिने पेन्सिलीने साधले, हे मान्य करण्याऐवजी मी म्हणालो, "वर श्री तरी लिही. नाहीतर त्यांना वाटेल—"

"जागा नाही," ती म्हणाली. "मी जिवंत आहे हे आत लिहिलंय. हिंडतेफिरते."

पेटीत टाकले असते तर कार्ड सोमवारी निघाले असते. मी एळुंबूर स्टेशनवर गेलो. दक्षिणेकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीला टपालाचा डबा असे, आणि विलंबशुल्काचे जास्तीचे तिकीट लावले की त्या डब्याच्या पेटीत ऐनवेळी पत्र टाकता येई. मी तिकीट लावले. कार्ड हातातून सोडण्यापूर्वी, खरे सांगतो, एका कोपऱ्यात बारीक श्री लिहिण्याचा मोह झाला. तेवढ्यात शिट्टी झाली.

मंगळवारी सकाळी आम्ही इस्पितळात जाण्यासाठी पिशवी भरीत होतो तोच दारात रिक्षा थांबली. आक्का उतरली. तिच्यामागून रिक्षाची कड चाचपीत सासूबाई उतरल्या, ज्यांच्या हृदयाची आम्ही इतकी काळजी वाहिली होती.

"आईला कशाला आणलंस?" पत्नी म्हणाली आणि रडू लागली.

"मी तिला आणलं नाही. तिनं मला आणलं," आक्का म्हणाली. "कार्ड वाचून संपायच्या आत ट्रंक काढ म्हणाली."

सासूबाईंनी मुलीचे तोंड चाचपले. "इतके दिवस पोटात ठेवलीस होय गं. बापावर गेलीस." मग माझ्या दिशेने वळून, "जावईबापू, शिवायचं नाही हं कुणी. थोरलीला सुतक आहे."

तेव्हा सर्व उलगडले. आक्काच्या सासरच्या सातव्या पिढीतले कोणी भाऊबंद, ज्यांना तिने जन्मात पाहिले नव्हते, ते मागल्या आठवड्यातल्या सोमवारी निवर्तले होते. दहा दिवसांचे सुतक. ते गुरुवारी फिटणार होते. माझे पत्र पोहोचले ते निवर्तल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी. सासूबाईंनी ते हातात घेतले, नाकाशी नेले आणि हळदीचा वास येताच फर्मावले की शुभपत्र सुतकात फोडावयाचे नाही. आक्काने ते लांबूनच फळीवर सरकविले. मी बोटाने लावलेल्या हळदीने आपले काम चोख केले होते. म्हातारीला जराही चिंता वाटली नाही, आणि पत्र शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी उघडले जाणार होते.

एवढे शास्त्र मी जन्मभर पाळले, इतरांना शिकविले. कोणाकडे सुतक असेल तर शुभपत्र फोडीत नाहीत हे मला माहीत नव्हते असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

बुधवारी सकाळी पत्नीला आत नेले. नेताना तिने मान वळवून पाहिले. आक्का बाकाच्या टोकाला, आपले सुतक सांभाळून, पण तिला दिसेल अशी बसली होती. पत्नीने मान सरळ केली. माझ्याकडे पाहिले की नाही, आठवत नाही.

आम्ही तिघे व्हरांड्यात बसलो. अर्धा तास गेला. मग सासूबाईंनी पिशवीतून ते निळे पत्र काढले.

"वाचा जावईबापू. तुमचंच आहे, तुम्हांला सुतक नाही. मला वाटलं होतं, घर बांधायला घेतलंत."

मी डिंक सोडविला आणि वाचू लागलो. नमस्कार, क्षेमकुशल, समुद्रावरचा वारा, रथ. एक परिचारिका चाकाची गाडी ढकलीत गेली. मी थांबलो, पुन्हा वाचू लागलो. माझा आवाज मलाच परका वाटत होता. अखेर किंचित् उपाधी आली, तन्निवारणार्थ उपाय आला, काळजी नसावी आले.

सासूबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. "छान आहे," त्या म्हणाल्या. "मग यात आजारी कोण?"

आक्काने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत, हे मी पाहिले नाही. मी पत्राची घडी घालत होतो, आणि ती जुन्या घडीवर बसत नव्हती.

"भाऊजी," ती थोड्या वेळाने म्हणाली, "हे पत्र मी फोडलं असतं ना, तर दिवाळीला आले असते. सवडीनं."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांच्या सवयीप्रमाणे चार वाक्यांत बोलल्या. गाठ पूर्ण निघाली. रुग्ण शुद्धीवर येत आहे. तपासणीचा निकाल आठ-दहा दिवसांत कळेल. तोवर काही गृहीत धरू नका. या खेपेस मला त्यांची भाषा रूक्ष वाटली नाही. मी ती तशीच कार्डांवर उतरविली आणि कुंभकोणमला व इतर चार घरी पाठविली. भावाच्या बायकोने लगेच येऊन विचारले, "हे कुणी लिहून दिलं?"

गाठ साधी निघाली. तो कागद घेऊन मी घरी आलो तेव्हा पत्नी उशीला टेकून बसली होती आणि सासूबाई तिला रसमभात भरवीत होत्या, न दिसता, अचूक. मी कार्डे काढली आणि लिहिले: "हिच्या तपासणीचा निकाल आला. गाठ साधी निघाली. आता हळूहळू बरी होते आहे." एवढेच. खाली अर्धे कार्ड रिकामे राहिले आणि ते भरण्याची मला इच्छा झाली नाही, असे मी म्हणणार नाही.

सासूबाईंनी बोट हळदीत बुडविले आणि माझ्या हाताच्या आधाराने कोपरा शोधून प्रत्येक कार्डाला स्वतः लावले.

"हळद लावायची ती आता," त्या म्हणाल्या.

पत्नीने कार्ड डोळ्यांपुढे धरून वाचले. पुन्हा वाचले. आजारी कोण, हे तिने विचारले नाही.

"वर श्री लिहा की," ती म्हणाली. "आज जागा आहे."